गोळी चुकली? किती चुकल्या याआधी कुठे चुकल्या ते पाहा

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातली कोणती गोळी चुकली तर सर्वात जास्त धोका, असं विचारलं तर पुष्कळजणी पाकिटाच्या मधोमध बोट ठेवतात. चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज बाहेर पडतं हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, म्हणून त्या सुमाराची गोळी चुकू नये असा समज होतो. पण नियमित गोळ्या घेणाऱ्या बाईला हा हिशेब लागू होत नाही. तिच्या पाकिटात मधल्या गोळ्या सर्वात कमी धोक्याच्या असतात. धोका असतो दोन टोकांना: नव्या पाकिटाच्या पहिल्या गोळ्या आणि संपत आलेल्या पाकिटाच्या शेवटच्या गोळ्या. असं का, हे एकदा समजलं की चुकलेल्या गोळीचे सगळे नियम आपोआप जागेवर बसतात.

उदाहरणासाठी सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं आणि आशाताई घरी आणून देतात ते माला-एनचं पाकीट घेऊ. त्यात 28 गोळ्या असतात. पहिल्या 21 पांढऱ्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरकं असतात, म्हणूनच या गोळ्यांना संयुक्त गोळ्या म्हणतात. उरलेल्या 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या. त्यांचा गर्भनिरोधनाशी संबंध नाही. अंगातलं लोह वाढावं आणि रोजची सवय मोडू नये म्हणून त्या दिल्या आहेत. मेडिकलमधल्या काही ब्रँडच्या पाकिटात फक्त 21 गोळ्या असतात आणि मग सात दिवस काहीच घ्यायचं नसतं. शरीराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच: तीन आठवडे औषध, एक आठवडा सुट्टी.

या सुट्टीच्या आठवड्यात काय होतं ते नीट पाहू. गोळ्यांतली संप्रेरकं मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारे संदेश दाबून ठेवतात. संदेश थांबले की बीजांडकोश झोपी जातो आणि स्त्रीबीज तयार होत नाही. त्याला असं पूर्ण झोपवायला सलग सात गोळ्या लागतात. सुट्टी सुरू झाली की दाब उठतो, संदेश पुन्हा जाऊ लागतात आणि बीजांडकोश हळूहळू चाळवायला लागतो. सुट्टीच्या सातव्या दिवसापर्यंत काहीजणींच्या बीजांडकोशात स्त्रीबीजाची पिशवी बरीच मोठी झालेली दिसते. ठरलेल्या दिवशी नवं पाकीट सुरू झालं की ही वाढ तिथेच थांबते. पण नवं पाकीट सुरू व्हायला आणखी तीन-चार दिवस गेले तर ती पिशवी पुरती वाढून फुटू शकते, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडू शकतं. सात दिवसांची सुट्टी ही मुळातच मर्यादेच्या जवळची आहे. ती कुठल्याही बाजूने लांबली की संरक्षण सुटतं. पहिल्या गोळ्या चुकल्या तर सुट्टी पुढे लांबते, शेवटच्या चुकल्या तर ती आधीच सुरू होते.

मधल्या आठवड्याचं तसं नाही. मागे निदान सात गोळ्या पोटात गेलेल्या असतात, म्हणजे बीजांडकोश गाढ झोपलेला असतो आणि दोन-तीन दिवसांच्या खंडाने तो जागा होत नाही.

चुकली म्हणजे नक्की कधी?

गोळीला चार तास उशीर झाला, दहा तास झाला, तर ती उशिरा घेतलेली गोळी आहे, चुकलेली नाही. रोज रात्री नऊला घेत असाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आठवली, तर सकाळी सातला घ्या आणि रात्रीची नेहमीप्रमाणे नऊला. संरक्षणात काही फरक पडत नाही. ठरलेल्या वेळेनंतर पूर्ण 24 तास उलटले की मगच ती गोळी चुकली असं धरतात.

एकच गोळी चुकली असेल तर आठवडा कुठलाही असो, उत्तर एकच आहे: आठवताक्षणी ती घ्या आणि पुढची तिच्या वेळेला घ्या. त्यामुळे एकाच दिवशी, कधी कधी एकाच वेळी दोन गोळ्या घ्याव्या लागतील, चालतं. निरोध लागत नाही, तातडीची गोळीही लागत नाही. यात एकच अट आहे. चुकलेली गोळी पहिल्या आठवड्यातली असेल, तर सुट्टीच्या आधीच्या सात दिवसांतल्या गोळ्या नीट घेतलेल्या असायला हव्यात. तिकडेही खंड आणि इकडेही खंड असेल तर सुट्टी दोन्हीकडून ताणली गेली, आणि मग ते साधं प्रकरण राहत नाही.

खरा प्रश्न येतो दोन किंवा जास्त गोळ्या सलग चुकल्यावर, म्हणजे पहिली चुकलेली गोळी घ्यायच्या वेळेपासून 48 तास किंवा अधिक उलटून गेल्यावर. तेव्हा दोन गोष्टी कुठल्याही आठवड्यात करायच्याच. सर्वात अलीकडे चुकलेली एकच गोळी लगेच घ्यायची आणि त्याआधीच्या चुकलेल्या गोळ्या सोडून द्यायच्या. चुकलेल्या सगळ्या गोळ्या एकदम घेऊन हिशेब पुरा करण्याचा मोह होतो, पण त्याने फक्त मळमळ वाढते. गेलेले दिवस भरून निघत नाहीत. दुसरी गोष्ट, सलग सात दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचा. हे सात दिवस बीजांडकोशाला पुन्हा झोपवण्याचे. याच्यापुढे काय करायचं ते आठवड्यावर ठरतं.

पहिला आठवडा: मागेही पाहावं लागतं

पहिल्या आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकल्या तर पुढचे सात दिवस जपून भागत नाही, झालेल्या संबंधांचाही विचार करावा लागतो. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे लोहाच्या गोळ्या चालू असताना किंवा गोळ्या चुकल्याच्या दिवसांत संबंध आलेला असेल आणि नंतर स्त्रीबीज सुटलं, तर ते शुक्राणू तिथे हजर असतात.

एक उदाहरण दिवसांसकट मांडून पाहू. समजा, सविता माला-एन घेते, रोज रात्री नऊला. रविवारी तिची शेवटची तपकिरी गोळी संपली. सोमवारी नवं पाकीट सुरू करायचं होतं, पण त्याच दिवशी सकाळी ती नवऱ्याबरोबर नात्यातल्या लग्नाला गावी गेली आणि नवं पाकीट घरच्या कपाटात राहिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार तीन पांढऱ्या गोळ्या चुकल्या. मंगळवारी रात्री संबंध आला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ती घरी परतली तेव्हा पाकीट दिसलं.

सविताच्या शरीरात सात दिवस सुट्टीचे आणि तीन चुकलेले असे दहा दिवस औषध गेलेलं नाही. म्हणून तिने पाच वाजताच बुधवारची गोळी घ्यायची, रात्री नऊला गुरुवारची घ्यायची. सोमवार-मंगळवारच्या गोळ्या पाकिटात तशाच राहू द्यायच्या. मंगळवार रात्रीपासून अजून 48 तासही झालेले नाहीत, त्यामुळे तातडीची गोळी घ्यायला वेळ आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची ही एक गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. ती 72 तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. ही गोळी घेतली म्हणून रोजच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. त्या त्याच दिवसापासून चालू ठेवायच्या. गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत सात दिवस निरोध वापरायचा. बुधवारची गोळी पोटात गेली की ती पुन्हा सुरक्षित.

72 तास उलटून गेले असतील तरी हात टेकायचं कारण नाही. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते. तातडीच्या उपायांत तांबीच सर्वात खात्रीची, आणि पुढे काही वर्षं ती तशीच कामाला येते. गोळ्या वारंवार विसरणाऱ्या बाईने तर याचा मनापासून विचार करावा, असं मला वाटतं.

दुसरा आठवडा

इथे फारसं काही सांगण्यासारखं नाही. आधीच्या सात दिवसांतल्या गोळ्या नीट घेतल्या असतील तर तातडीची गोळी सहसा लागत नाही. एक गोळी लगेच, मग रोजची, आणि सात दिवस निरोध. काही आरोग्य सेविका किंवा डॉक्टर दुसऱ्या आठवड्यातही गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीची गोळी सुचवतात. तो जास्त सावध मार्ग आहे. त्यांनी सांगितलं तर घ्यायला हरकत नाही.

तिसरा आठवडा: तपकिरी गोळ्या टाकून द्या

तिसऱ्या आठवड्यातली चूक बहुतेकजणींच्या लक्षातच येत नाही. समजा 18वी, 19वी आणि 20वी गोळी चुकली. बाई 21वी घेते, आणि आता लोहाच्याच गोळ्या राहिल्या म्हणून निर्धास्त होते. पण हिशेब केला तर तीन दिवस औषध नाही, मग एकच गोळी, आणि त्यापुढे लगेच सात दिवसांची सुट्टी. अकरा दिवसांत एक गोळी. बीजांडकोशाला जागं व्हायला एवढं पुष्कळ झालं.

यावर उपाय सोपा आहे. या वेळी सुट्टीच घ्यायची नाही. पांढऱ्या गोळ्या संपल्या की सातही तपकिरी गोळ्या बाजूला टाकायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी घ्यायची. सात दिवस निरोध चालूच. आधीच्या आठवड्यातल्या गोळ्या नीट घेतल्या असतील आणि सुट्टी टाळली, तर तातडीची गोळी लागत नाही. मात्र यासाठी दुसरं पाकीट घरात असावं लागतं. आशाताईंकडून घेताना एकाऐवजी दोन-तीन पाकिटं मागून घ्या. पाकीट लगेच मिळालंच नाही, तर नव्या पाकिटाच्या पहिल्या सात गोळ्या होईपर्यंत निरोध सोडू नका.

सुट्टी टाळली की त्या महिन्यात पाळी येत नाही, आणि इथे अनेकजणी घाबरतात. रक्त आत साठून राहील का, गाठ होईल का, असं विचारतात. काही साठत नाही. गोळ्यांवर असताना गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, आणि दर महिन्याला होणारा रक्तस्राव हा औषध थांबल्यामुळे होणारा रक्तस्राव असतो. औषध थांबलं नाही तर तोही होत नाही.

याच्या उलट घडतं तेही सांगायला हवं. दोन-तीन गोळ्या चुकल्या की पाकिटाच्या मध्येच डाग पडू लागतात, कधी पाळीसारखं रक्त जातं. पाळी आली, आता गोळ्या थांबवू आणि पाचव्या दिवशी नवं पाकीट सुरू करू, असं बाई ठरवते. किंवा पाळी आली म्हणजे दिवस राहिले नाहीत, असं समजून निरोध सोडते. दोन्ही चूक. हा रक्तस्राव औषधात खंड पडल्याचा आहे, त्यावरून गर्भ राहिला की नाही ते कळत नाही. डाग चालू असले तरी गोळ्या चालूच ठेवायच्या.

तपकिरी गोळी चुकली तर मात्र काहीही बिघडत नाही. ती टाकून द्या आणि नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. कित्येकजणी लोहाची गोळी विसरली म्हणून नवं पाकीट एक दिवस पुढे ढकलतात, आणि सुट्टी नकळत लांबवतात. तसं करू नका.

उलटी झाली तर

गोळी गिळणं आणि गोळी रक्तात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी विरघळून आतड्यातून रक्तात जायला काही वेळ लागतो. त्याआधी उलटी झाली तर गोळी बाहेर पडली असं धरायचं, उलटीत ती दिसो वा न दिसो. हा वेळ किती, याबाबत जागतिक आरोग्य संघटना दोन तास म्हणते, ब्रिटनमधले डॉक्टर तीन तास म्हणतात, आणि काही पाकिटांतल्या कागदावर चार लिहिलेलं असतं. एक गोळी जास्त घेतल्याने नुकसान काही नाही, म्हणून तीन तास धरणं मला योग्य वाटतं. तुमच्या पाकिटातल्या कागदावर जास्त लिहिलं असेल तर ते धरा.

रात्री नऊला गोळी घेतली आणि साडेदहाला उलटी झाली, तर थोडं बरं वाटताच दुसरी पांढरी गोळी घ्यायची. ती दुसऱ्या पाकिटातून घेतलेली उत्तम, म्हणजे चालू पाकिटाचे वार चुकत नाहीत. दुसरं पाकीट नसेल तर याच पाकिटातली शेवटची पांढरी गोळी घ्या. मग पांढऱ्या गोळ्या एक दिवस आधी संपतील, तपकिरी एक दिवस आधी सुरू होतील आणि नवं पाकीटही एक दिवस आधी सुरू करायचं. दुसरी गोळी पोटात टिकली तर बाकी काही लागत नाही. उलटी रात्री दोन वाजता झाली असेल, म्हणजे गोळीनंतर पाच तासांनी, तर ती गोळी केव्हाच रक्तात गेलेली आहे.

सुरुवातीच्या महिन्यांत गोळ्यांनीच मळमळ होते. ती झोपताना किंवा जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. मळमळ झाली पण उलटी झाली नाही, तर गोळी वाया गेली असं नाही.

जुलाबांचं काय

दिवसातून दोन-तीनदा पातळ शौचाला झाली तर गोळीवर परिणाम होत नाही. गोळी आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते, आणि साध्या पोट बिघडण्याने तिथे फारसा फरक पडत नाही. प्रश्न येतो तो पाण्यासारखे जुलाब दिवसातून सहा-आठ वेळा होत असतील आणि हे 24 तासांहून जास्त चाललं तर. सतत उलट्या होत असतील तरी तेच. अशा वेळी आजाराचा प्रत्येक दिवस म्हणजे एक चुकलेली गोळी असं मोजायचं, गोळी गिळली असली तरी. इथे फसगत होते ती यामुळेच: पाकीट पाहिलं तर सगळ्या गोळ्या वेळेवर घेतलेल्या दिसतात.

समजा पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे एखादीला पाकिटाच्या दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पाचव्या दिवशी थांबल्या. तिने रोज गोळी घेतली. तरी तिने पहिल्या आठवड्यात तीन गोळ्या चुकल्या असंच धरायला हवं. आजारपणातही गोळी रोज घेत राहायची, कारण थोडंफार औषध शोषलं जाऊ शकतं. पण निरोधाचे सात दिवस मोजायला सुरुवात करायची ती पोट बरं झाल्यावरच्या पहिल्या गोळीपासून. त्या दिवसांत किंवा आधीच्या सुट्टीत संबंध आला असेल तर तातडीची गोळीही लागेल. ती घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर तीही पुन्हा घ्यावी लागते. पोटात काहीच ठरत नसेल तर इथे तांबी जास्त उपयोगी, कारण तिचा आतड्याशी संबंधच येत नाही. हेच आजारपण तिसऱ्या आठवड्यात आलं तर तपकिरी गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट.

जुलाबांवर डॉक्टरांनी दिलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकमुळे गोळीची शक्ती कमी होत नाही. अपवाद आहे क्षयरोगावर दिल्या जाणाऱ्या रिफॅम्पिसिनचा. या औषधामुळे यकृत संप्रेरकांची लवकर विल्हेवाट लावतं आणि रोज न चुकता गोळी घेऊनही संरक्षण अपुरं पडतं. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनचंही तसंच. ही औषधं चालू असतील तर सात दिवस निरोध वापरून काम भागत नाही, साधनच बदलून घ्यावं लागतं.

वरचे नियम 21 पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटाचे आहेत. काही पाकिटांत 24 औषधी गोळ्या आणि 4 साध्या असतात. तिथे तिसरा आठवडा म्हणजे औषधी गोळ्यांचा शेवटचा आठवडा. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक घ्यायची 'छाया' ही गोळी पूर्ण वेगळी आहे, तिला यातलं काहीच लागू होत नाही. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला नोरएथिस्टेरॉनच्या ज्या गोळ्या घेतात, त्यांनी गर्भनिरोधन होतं असं समजू नका.

एवढं करूनही मनात शंका राहिली तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करा. त्याआधी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात रक्तस्राव झालाच नाही आणि त्या महिन्यात गोळ्या चुकलेल्या असतील, तरीही चाचणी करा. पण तिची वाट पाहत नवं पाकीट अडवून ठेवू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली तर गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे जा. तोवर नकळत घेतलेल्या या गोळ्यांमुळे गर्भात व्यंग निर्माण होतं असं आढळलेलं नाही.